टायर फिरवताना तिरके कोणते, सरळ कोणते? फ्रंट-व्हील-ड्राइव्ह आणि ऑल-व्हील-ड्राइव्हचा हिशोब

श्रुती_बाणेर
घरात दोन गाड्या आहेत. एक बलेनो, दुसरी ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप. टायरवाल्याने दोन्हींना एकच चित्र काढून दिलं: पुढचे दोन सरळ मागे, मागचे दोन तिरके पुढे. नेटवर ऑल-व्हील-ड्राइव्हसाठी चक्क एक्स दाखवतात, काही ठिकाणी तिसरंच काही. चाकं चारच आहेत, मग इतके प्रकार का?

खोलीमापकाने मोजून ठेवलंय. ग्रँड व्हिटारा २२,००० किमी, टायर एकदाही फिरवलेले नाहीत. पुढचे दोन्ही ४.८ मिमी, मागचे दोन्ही ६.४. नवे असताना ८ धरले आहेत. टायर २१५/६० आर १७, नक्षी दिशेची नाही. बलेनोचे पुढचे ५, मागचे ६.५.

बापू_सदाशिव
रेडियल टायरची बाजू कधी बदलायची नसते. डावीकडचा डावीकडेच राहिला पाहिजे, नाहीतर आतल्या तारा उलट्या ताणल्या जातात. पुढचे मागे, मागचे पुढे, विषय संपला. ही तिरकी फॅशन अलीकडची.

चाकधर
बापूसाहेब, रेडियल नवे आले होते तेव्हा हाच सल्ला देत, तुमचं चुकीचं नाही. आताच्या रेडियलला तो लागू नाही. बाजूच्या भिंतीवर बाण किंवा 'रोटेशन' असं लिहिलेलं असेल तरच बाजू बदलायची नाही. नसेल तर तिरके न्यायला हरकत नसते. फक्त 'आउटसाइड' लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर राहिली की झालं, असा टायर तिरका जाऊ शकतो.

श्रुती, आधी बलेनो, कारण तिथे कारण डोळ्यांना दिसतं. फ्रंट-व्हील-ड्राइव्हमध्ये ओढणं, वळवणं आणि ब्रेकचा मोठा वाटा ही तिन्ही कामं पुढच्या चाकांवर, शिवाय एंजिनचं ओझंही तिथेच. मागची चाकं नुसती मागोमाग घरंगळतात. म्हणून पुढचे भराभर झिजतात, पण बऱ्यापैकी एकसारखे. मागचे हळू झिजतात, पण वाकडे झिजतात. मागच्या चाकावर ब्रेकचा जोर येतो, एंजिनचा कधीच येत नाही. त्यामुळे नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एकच कड खाल्ली जाते आणि करवतीसारखे दात पडतात.

हे बघायला मापक लागत नाही. मागच्या टायरच्या खांद्यावरून तळहात आधी एका दिशेने फिरवा, मग उलट. एकीकडून मऊ लागतं, दुसरीकडून हाताला अडकतं. तेच दात.

आता चित्राचा अर्थ लागेल. चाक बाजू बदलतं तेव्हाच त्याची फिरण्याची दिशा उलटते. दात पडलेला मागचा टायर तिरका पुढे गेला की उलटा फिरतो आणि एंजिनचा जोर लागणाऱ्या जागी येतो, मग दुसरी कड घासून दात बसायला लागतात. पुढचा टायर आधीच सपाट आहे, त्याला सरळ मागे पाठवून थोडी विश्रांती द्यायची. लक्षात ठेवायला सोपं: जोर लावणारी चाकं सरळ, घरंगळणारी तिरकी.

हडपसर_एक्सप्रेस
माझी थार फोर-बाय-फोर आहे. म्हणजे मी एक्स करायचा ना? चारही चाकं ड्राइव्हची.

चाकधर
नाही. थार रोज टू-एच मध्ये चालते, म्हणजे जोर मागच्या चाकांवर. वरचाच नियम लावा: मागची सरळ पुढे, पुढची तिरकी मागे. बलेनोचं चित्र आरशात धरल्यासारखं. जिम्नी, फॉर्च्युनर फोर-बाय-फोर यांचंही तेच. फोर-एच चिखलासाठी. कोरड्या डांबरावर तुम्ही तो लावून फिरत नसाल, अशी आशा.

हडपसर_एक्सप्रेस
पावसात ताम्हिणीत लावतो कधीकधी 😐 बरं, स्टेपनी पूर्ण मापाची आहे, ती पण फिरवू का?

चाकधर
माप, ब्रँड आणि मॉडेल तेच असेल तर जरूर. स्टेपनी उजव्या मागच्या जागी लावा, आणि तिथे जो टायर जाणार होता तो मागच्या दाराला. तुमच्या गाडीत तो डावा पुढचा. मात्र हे टायर नवे असतानाच सुरू करायचं. चार टायर अर्धे झिजल्यावर कोरी स्टेपनी मध्ये घुसवली तर फायदा नाही.

मिलिंद_प
८५-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. रोटेशन केलं की जाईल का?

ग्रीसगन
तो बॅलन्सिंगचा विषय. रोटेशनने थरथर पुढून मागे जाईल, मग स्टिअरिंगऐवजी सीटला जाणवेल. आधी बॅलन्सिंग करा आणि रिमला पोचा आहे का बघा.

श्रुती_बाणेर
बलेनो समजली. मागच्या टायरवर हात फिरवला, खरंच अडकतो. पण ऑलग्रिपमध्ये घरंगळणारं चाक कुठलं? नियम लावू कुठे?

चाकधर
तिथेच घोळ आहे आणि म्हणूनच तीन चित्रं सापडतात. तुमच्या गाडीत जोर मुख्यतः पुढे, मागचा एक्सल गरजेपुरता जोडला जातो. मधे क्लच पॅकचं कपलिंग असतं, ते कॉम्प्युटर दाबतो-सोडतो. झिजण्याच्या बाबतीत गाडी बरीचशी फ्रंट-व्हील-ड्राइव्हसारखीच वागते, तुमच्या आकड्यांत दिसतंयच: पुढे ३.२ मिमी गेले, मागे १.६. बरोबर दुप्पट.

फरक झीज कशी आहे यात नाही, त्या झिजेची किंमत कोण भरतो यात आहे. बलेनोत पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान झालं तर कोणाला कळतही नाही, दोन एक्सल एकमेकांना जोडलेले नाहीत. तुमच्या दुसऱ्या गाडीत ते जोडलेले आहेत.

हिशोब मांडतो. नक्षीत १.६ मिमी फरक म्हणजे परिघात त्याच्या सव्वासहा पट, साधारण १ सेंटिमीटर. पुढच्या चाकाचा परिघ सुमारे २,१४७ मिमी, मागच्याचा २,१५७. दर किलोमीटरला पुढचं चाक दोनाहून जरा जास्त फेऱ्या मारतं. एक्सप्रेसवेच्या ९४.५ किमीत दोनशेच्या वर जादा फेऱ्या. कपलिंग मोकळं असेल तर तो फरक सहज पचतो. दाबलेलं असेल तेव्हा हा फरक क्लचच्या पाट्या एकमेकींवर घासूनच निघतो, म्हणजे उष्णता आणि काळं पडलेलं तेल. शिवाय पुढचं चाक जास्त फिरतंय हे चित्र कॉम्प्युटरला चाक घसरल्यासारखंच दिसतं. थोडा फरक बऱ्याच सिस्टिम सांभाळून घेतात, पण त्याला मर्यादा असते.

मर्यादा कंपनीनुसार बदलते. सुबारू परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे ६ मिमीच्या आसपास, जास्त फरक चालवून घेत नाही. नक्षीत तो जेमतेम १ मिमी. बाकीचे कंपनीवाले जरा सैल आहेत. तुमच्यासाठी तुमच्या मॅन्युअलचा शब्द शेवटचा.

बापू_सदाशिव
मग लगेच फिरवून घ्या, फरक मिटला.

चाकधर
मिटत नाही बापूसाहेब, फक्त उलटा होतो. आता पुढे ४.८ आणि मागे ६.४. फिरवल्यावर पुढे ६.४ आणि मागे ४.८. कपलिंगला अजूनही तोच १.६ दिसतो. तिथून तो हळूहळू कमी होतो. ज्या गतीने २२,००० किमीत १.६ चा फरक पडला, त्याच गतीने तो भरायला आणखी २२,००० लागणार. ४४,००० ला चारही टायर ३.२ मिमीवर एकत्र येतील, आणि तेव्हा पावसाळ्याच्या दृष्टीने टायर जवळपास संपलेले असतील.

हेच टायर दर ७,००० ला फिरवले असते तर फरक अर्ध्या मिमीपर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर आला असता. म्हणून ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये चित्र कुठलं यापेक्षा किती लवकर फिरवता याला जास्त महत्त्व आहे. बलेनोला १०,००० ला फिरवलं तरी चालतं, तिथे आपण टायरचे पैसे वाचवतो. इथे कपलिंग वाचवतो.

घाटमाथा
पण मूळ प्रश्न राहिला ना, एक्स की दुसरं? मी एक्सच्या बाजूचा. चारही चाकांना जोर, म्हणजे सरळ न्यायचं असं कोणी उरतच नाही. सगळे तिरके, सगळ्यांची दिशा उलटते, सगळ्यांना समान न्याय.

ग्रीसगन
एक्स कागदावर काढून बघा, समान न्याय निघत नाही. डावा पुढचा उजव्या मागे जातो, पुढच्या वेळी परत डाव्या पुढे. बस्स. तो टायर आयुष्यात उजव्या पुढे किंवा डाव्या मागे कधी जातच नाही. चार टायरच्या दोन जोड्या होतात आणि त्या आपापसात जागा बदलत राहतात.

आता श्रुतीच्या टायरवाल्याचं चित्र घ्या. डावा पुढचा जातो डाव्या मागे, तिथून उजव्या पुढे, तिथून उजव्या मागे, आणि चौथ्यांदा परत घरी. चार रोटेशनमध्ये प्रत्येक टायर चारही कोपऱ्यांत राहून येतो. थारवालं उलटं चित्र घेतलं तरी तसंच. आपल्याकडे डावी चाकं रस्त्याच्या तुटक्या कडेला आणि उतरत्या बाजूला चालतात, तिथे हा फायदा लहान नाही.

म्हणून मॅन्युअल गप्प असेल तर माझं मत: ज्या एक्सलवर जास्त जोर तो सरळ, दुसरा तिरका. ऑलग्रिपला टायरवाल्याचं चित्र बरोबर आहे, त्याला ते का बरोबर हे सांगता येत नसेल एवढंच.

घाटमाथा
हे मान्य करावं लागेल, जोड्यांचा विचार केला नव्हता. तरी चारही टायरला दात पडले असतील तर एक्स एका फटक्यात सगळ्यांची दिशा उलटवतो, तुमच्या चित्रात दोघांचीच उलटते. आणि एक शंका: मागचा टायर सरळ पुढे नेला तरी ब्रेकच्या जोडीला एंजिनचा जोर लागणारच, आणि तो ब्रेकच्या उलट दिशेने. मग दात घालवायला तिरकं नेण्याची गरजच काय?

ग्रीसगन
शंका रास्त आहे. निव्वळ दातांपुरतं बोलायचं तर सरळ नेऊनही काही भाग बसतो. तिरकं नेलं की दिशाही उलटते आणि डाव्या-उजव्याची झीजही वाटली जाते, म्हणून दोन्ही एकत्र साधतात. नेमकं कशाने किती, हे ठामपणे सांगणार नाही. दिशेच्या नक्षीचे टायर सरळच फिरतात आणि तेही पूर्ण आयुष्य काढतात, हेही खरं.

चाकधर
त्या मतभेदात मी पडत नाही, दोन्ही चित्रं कंपन्या छापतात. श्रुती, तुमच्या गाडीला दात मागेच असतील तर टायरवाल्याचं चित्र घ्या आणि या वेळेपासून दर ६-७ हजाराला करा. फरक १ मिमीच्या खाली येईपर्यंत कोरड्या रस्त्यावर लॉक मोड लावू नका.

तक्रार सुरू झाली तर अशी कळते: पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी काढताना ती कोणीतरी मागून धरल्यासारखी अडते, खालून घुर्र आवाज किंवा थरथर येते. लांबच्या प्रवासात ऑल-व्हील-ड्राइव्ह गरम झाल्याची सूचना डॅशबोर्डवर येऊ शकते. असं झालं तर रोटेशनवर न थांबता कपलिंगचं तेल दाखवून घ्या.

रेवा_कोथरूड
माझा प्रश्न याच गाडीचा, पण वेगळा. एका टायरची भिंत खड्ड्यात फाटली. बाकी तीन ५ मिमीवर आहेत. एक कोरा घ्यायचा की जोडी? दुकानदार म्हणतो जोडी घ्या, मागे लावा.

चाकधर
फ्रंट-व्हील-ड्राइव्हला तो सल्ला बरोबर: जोडी घ्या, नवी जोडी मागे, म्हणजे पाण्यात मागचा भाग सुटत नाही. तुमच्या गाडीत तोच सल्ला कपलिंगला सर्वांत वाईट. मागे ८ आणि पुढे ५, म्हणजे दोन एक्सलमध्ये ३ मिमीचा फरक. एकच कोरा लावला तर त्या एक्सलची सरासरी ६.५ होते, फरक १.५. कपलिंग खूश, पण त्या एक्सलचा डिफरन्शियल सतत फिरत राहतो आणि ओल्यात ब्रेक मारल्यावर दोन्ही बाजूंची पकड वेगळी पडते.

रेवा_कोथरूड
म्हणजे दोन्हीकडून मार?

ग्रीसगन
हो. सर्वांत सरळ मार्ग चार नवे, पण ५ मिमीचे तीन फेकवत नाहीत. तिसरा मार्ग: त्याच ब्रँडचा, त्याच मॉडेलचा, ४.५ ते ५.५ मिमी उरलेला वापरलेला टायर शोधायचा. नाना पेठेत विचारा, पण घेण्याआधी तीन गोष्टी बघा. भिंतीवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाच वर्षांपेक्षा जुना नको. आतून हात घालून पॅच किंवा फुगवटा आहे का ते चाचपा. आणि खोली आत, मधे, बाहेर अशा तिन्ही खाचांत मोजा, कारण आतून खाल्लेला टायर बाहेरून झकास दिसतो. परदेशात नवा टायर तासून जुन्याच्या मापाचा करून देतात. पुण्यात कोणी करतं का?

घाटमाथा
माझ्या ऐकण्यात नाही. कोणाला ठाऊक असेल तर पत्ता टाका.

श्रुती_बाणेर
बलेनो मी घरीच करणार आहे. जॅक एकच आहे. क्रम काय ठेवू?

ग्रीसगन
टायरवाल्याचं चित्र एकाच साखळीत फिरतं, म्हणून एका जॅकवर बसतं. सपाट जागा, गिअर पहिल्यात, हँडब्रेक वर. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, त्यामुळे मागचं चाक उचलताना पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, उचलून नाही. चाकावर खडूने जुनी जागा लिहा, तिसऱ्या चाकापाशी हमखास घोळ होतो.

डाव्या पुढे स्टेपनी लावा आणि तिथला टायर डाव्या मागे. डाव्या मागचा उजव्या पुढे. उजव्या पुढचा उजव्या मागे. उजव्या मागचा डाव्या पुढे, तिथली स्टेपनी परत डिकीत. पाच वेळा जॅक लागतो. एक्स केला असता तर सहा वेळा. स्टेपनी लहान मापाची असेल तरी चालेल, तिच्यावर गाडी नुसती उभी राहते, चालवायची नाही.

नट चांदणीच्या क्रमाने, समोरासमोरचे. शेवटचं आवळणं गाडी खाली उतरवून, टॉर्क पान्याने, आकडा मॅन्युअलमधला. छोट्या गाड्यांत तो १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. दुकानात हवेच्या गनने कचकचून आवळलेले नट रस्त्यात पंक्चर झालं की गाडीच्या पान्याने सुटत नाहीत, आणि स्टड ताणला जातो तो वेगळाच. ५०-१०० किमी नंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

आणि हवा. पुढच्या-मागच्याचा आकडा दारावरच्या स्टिकरवर वेगळा असेल तर टायर बदलले तशी हवाही बदला, सकाळी टायर थंड असताना.

बापू_सदाशिव
आतून खाल्लेला टायर तिरका नेला तर बाहेरून खाऊन समतोल होईल का? रिम उलटी लागणार नाही, हे समजतं.

चाकधर
नाही होत. रिम उलटी होत नाही, म्हणून आतली बाजू आतच राहते. कुठल्याही चित्राने आत-बाहेरची झीज बदलत नाही. एकच कड जात असेल तर अलाइनमेंट बिघडलीय. आधी ती करून घ्या आणि मगच फिरवा, नाहीतर चारही टायर आळीपाळीने त्याच कोपऱ्यात जाऊन खराब होतील. रोटेशनच्या नावाखाली हा दोष वर्षभर लपतो.

श्रुती_बाणेर
आज बलेनोचं झालं. खडूची युक्ती कामाला आली, तिसऱ्या चाकापाशीच गोंधळले होते. पण आता पुढून घुंई-घुंई आवाज येतोय, ६० च्या वर. बेअरिंग?

ग्रीसगन
बेअरिंगचा आवाज स्टिअरिंग एका बाजूला वळवलं की वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो. वळवून काहीच फरक पडत नसेल तर तो दातांचा आवाज आहे. आधी मागे होता, डिकीपाशी असल्यामुळे ऐकू येत नव्हता. आता पायाखाली आला. हजार-दीड हजार किमी चालवा. दात बसतील तसा उतरायला हवा. नाही उतरला तर परत लिहा.

श्रुती_बाणेर
वळवून काही फरक पडत नाही. ठीक, दीड हजार किमीनंतर लिहिते. ग्रँड व्हिटाराचं शनिवारी.